ऑगस्टच्या विक्री अहवालातील तफावतीचा मजकूर : सुधारित मसुदा

सर, नमस्कार.

तुमचा मसुदा वाचला आणि एमआयएसच्या आकड्यांशी ताडून पाहिला. त्यात असं होतं : “सततच्या पावसामुळे बाजार मंद होता. स्पर्धकांनी दर पाडले. मालाचीही काही प्रमाणात टंचाई होती. टीमने सर्वतोपरी प्रयत्न केले असून सप्टेंबरमध्ये भरपाई अपेक्षित आहे.” चार वाक्यांत एकही आकडा नाही. संचालकांचा पहिला प्रश्न “किती?” असाच असेल, म्हणून मजकूर पुन्हा लिहिला आहे. खालचा भाग अहवालात जसाच्या तसा जाऊ शकतो. रकमा लाखांत आहेत.

ऑगस्ट : विक्री ४३२, टार्गेट ४८०, तूट ४८ (१० टक्के)

ठरलेले १२,००० पंप, विकले ११,२५०. सरासरी दर ४,००० धरला होता, मिळाला ३,८४०. नग कमी गेल्याने ३० आणि दर कमी मिळाल्याने १८, अशी ही तूट आहे.

२७.३ – मोठ्या पंपांच्या ४२० नगांच्या ऑर्डर हातात होत्या, पण डिस्पॅच झाला नाही. मोटारी १० ऑगस्टऐवजी १९ ऑगस्टला आल्या. पुरवठादाराने ठरलेल्या २१ दिवसांतच माल दिला. खरेदीची ऑर्डरच ९ दिवस उशिरा गेली, कारण विक्री विभागाचा अंदाज खरेदीकडे २० जुलैऐवजी २९ जुलैला पोहोचला. जोडणी आणि चाचणीला १२ दिवस लागतात, त्यामुळे महिना हातचा गेला. ही रक्कम वरच्या दोन्ही आकड्यांत विभागली आहे : १६.८ नगांमध्ये आणि १०.५ दरामध्ये, कारण महाग पंप न गेल्याने सरासरी दरही खाली आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ३१० नग गेले (२०.१५), ७० बाकी आहेत (४.५५) आणि ४० नगांच्या ऑर्डर रद्द झाल्या (२.६). रद्द झालेली विक्री परत येणार नाही.

८.० – एका मोठ्या वितरकाने २०० नग कमी उचलले. त्याच्याकडे नेहमीच्या ४० ऐवजी ६४ दिवसांचा स्टॉक आहे. जूनअखेर तिमाहीचं टार्गेट गाठण्यासाठी आम्हीच तो भरला होता. स्टॉक उतरेपर्यंत त्याची उचल कमीच राहील.

६.५ – मंजुरीपेक्षा जास्त सवलत, १४ ऑर्डरवर. स्पर्धकाचं कोटेशन फाईलला जोडलेलं आहे अशा ऑर्डर ३ (१.१). महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत दिलेल्या ऑर्डर ९ (४.९). उरलेल्या दोनवर (०.५) कसलीच नोंद नाही.

६.२ – कारण अजून सापडलेलं नाही. यात १३० नगांचे ५.२ आणि कोणत्या प्रकारचे पंप किती गेले त्यातून पडलेला १.० आहे. विभागनिहाय तपासणी चालू आहे.

पुढे : मागणीचा अंदाज दर महिन्याच्या २० तारखेला खरेदीकडे द्यायची जबाबदारी विक्री समन्वयकाची. जास्तीची सवलत द्यायची तर कोटेशन जोडल्याशिवाय मंजुरी नाही. सप्टेंबरच्या अहवालात ऑगस्टच्या ऑर्डरचे २०.१५ वेगळ्या ओळीत दाखवले जातील.

अहवालाचा मजकूर इथे संपतो. काय का काढलं, ते खाली आहे.

पाऊस काढला. जिथे सर्वांत जास्त पाऊस झाला त्या विभागाची विक्री टार्गेटच्या ९८ टक्के आहे (१६० पैकी १५७). बाकीचे विभाग मिळून ८६ टक्क्यांवर आहेत. शिवाय पावसाळ्यातली मंदी धरूनच ऑगस्टचं टार्गेट ठरलं होतं. पावसामुळे विक्री पडली असती, तर आधी त्याच विभागात पडली असती.

स्पर्धक काढला नाही, त्याला मापात बसवलं. कागद आहेत तेवढे १.१ त्याच्या नावावर राहिले. क्षेत्र प्रतिनिधींकडे आणखी कोटेशनं असतील तर ती मागवावीत, मी तो आकडा आनंदाने वाढवीन.

“सर्वतोपरी प्रयत्न” काढताना मला जड गेलं. ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत मुलं रात्री साडेनऊपर्यंत फोनवर होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण प्रयत्नांनी तफावत समजत नाही. त्यांचं कौतुक मनोगताच्या पानावर नावानिशी व्हावं, अशी माझी विनंती आहे.

आता अवघड भाग. या मसुद्यात दोन मोठी कारणं आपल्याच विभागाची निघतात, उशिरा गेलेला अंदाज आणि जूनमध्ये भरलेला स्टॉक. बैठकीत ते बोचेल. तरीही ते तुमच्या तोंडून आधी आलं, तर चर्चा उपायांवर जाईल. लेखा विभागाने ते शोधून काढलं, तर पुढचा तासभर आपण खुलासेच देत बसू. खरेदी आणि स्टॉकचे आकडे त्यांच्याकडेही आहेत.

सवलतीच्या नऊ ऑर्डरची यादी सोबत जोडली आहे. त्यांतल्या चारांवर तुमची तोंडी मंजुरी असल्याचं प्रतिनिधी सांगतात. ते खरं असेल तर तसं लिहून द्या, म्हणजे त्या मुलांवर ठपका येणार नाही. अहवाल उद्या दुपारी ३ वाजता जायचा आहे, त्याआधी तुमचा होकार हवा.