सप्टेंबरच्या नफ्याबद्दल

सागर,

सप्टेंबर 2024 चा हिशोब काल रात्री पुन्हा बघितला. निव्वळ 1 लाख 84 हजार. पेढे वाटलेस, चांगलं केलंस. पण ऑक्टोबरसाठी खळ्यावर 900 क्विंटल कांदा भरू द्या म्हणतोयस, म्हणून हे लिहून देतोय. तोंडी सांगितलं की तू "हो अण्णा" म्हणून मोकळा होतोस.

4 तारखेला पिंपळगावच्या लिलावात 4050 च्या सरासरीने 600 क्विंटल उन्हाळ कांदा घेतलास, पाटण्याच्या पार्टीसाठी. 6 ला पार्टीने हात वर केले. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, "अण्णा, 3950 ने जातोय का बघा ना." मी चार जणांना विचारलं. गणपतीच्या तोंडावर कोणी उचलेना, म्हणून माल खळ्यावर पडून राहिला. 13 ला केंद्राने टनाला 550 डॉलरच्या किमान निर्यात मूल्याची अट काढली, निर्यात शुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आणलं, आणि 19 ला तोच कांदा 4650 ने गेला. घट 20 क्विंटल. हमाली, बारदान, फी मिळून 60 हजार वजा जाता 2 लाख 7 हजार उरले.

आता हा सौदा बाजूला काढ. बाकीचा महिना 23 हजार तोट्यात आहे.

तेजी येणार असं वाटतच होतं, असं तू परवा सगळ्यांसमोर म्हणालास. वाटत होतं तर क्विंटलमागे शंभर रुपये सोडून विकायला का निघाला होतास? त्या दिवशी एखादा गिऱ्हाईक भेटला असता तर आज ही चर्चाच झाली नसती.

आणि सरकारचा कागद उलटाही निघतो. 7 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, भाव कोसळले. तेव्हा माल धरून बसलेल्यांनाही तेजीच वाटत होती. त्यांच्यातले काही तुझ्या-माझ्यापेक्षा जुने व्यापारी होते.

तुझं खरं काम मला दुसरीकडे दिसलं. 11 तारखेला वरून लालभडक दिसणाऱ्या ट्रॅक्टरमधला कांदा तू मधोमध कापून बघितलास, आत कोंब होता, बोली सोडलीस. गोल्टी वेगळी काढून वेगळ्या भावाने विकलीस. त्यात पैसे थोडे सुटले, पण ते तुझ्या डोळ्यांनी सुटले.

900 ला माझी परवानगी नाही. विक्री ठरल्याशिवाय 200 क्विंटलच्या वर खळ्यावर ठेवायचं नाही. बोली लावण्याआधी वहीत लिहायचं: कोणासाठी, कोणत्या भावाला विकायचा, आणि पार्टी फिरली तर किती दिवसांत, किती तोट्यात सोडायचा. दिवाळीनंतर लाल कांद्याची आवक वाढली की वही घेऊन ये, मग आकड्याचं बघू.

पाटण्याच्या पार्टीकडून पुढच्या वेळी आगाऊ रक्कम घे. निम्मी तरी.

अण्णा