विषय : काउंटरमागच्या भिंतीवर मेनूचा स्क्रीन बसवण्यास परवानगी मिळण्याबाबत

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

कॅफेच्या काउंटरमागे, सध्या जिथे खडूने लिहायचा काळा फळा टांगला आहे, त्या भिंतीवर मेनू दाखवणारा एक स्क्रीन बसवायची माझी इच्छा आहे. आपल्या करारात भिंतीत कोणताही बदल करण्यापूर्वी आपली लेखी संमती घ्यावी असे कलम आहे. म्हणून स्क्रीन विकत घेण्याआधीच हे पत्र लिहीत आहे.

गरज का वाटली, ते आधी सांगते. फळ्यावरची अक्षरे रांगेच्या टोकापासून दिसत नाहीत. वयस्कर गिऱ्हाइके तर काउंटरपाशी येऊन, चष्मा काढून-घालून वाचतात आणि मागचे लोक ताटकळतात. एखादा पदार्थ संपला की फळ्यावरून पुसायचे राहून जाते, मग गिऱ्हाईक नेमके तेच मागते आणि मुलांना दर वेळी नाही म्हणावे लागते. स्क्रीनवर तो पदार्थ लगेच काढता येईल, आणि अक्षरे हवी तेवढी मोठी ठेवता येतील. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

स्क्रीन 43 इंची आहे, म्हणजे साधारण सव्वातीन फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच. भिंतीवरच्या पट्टीसकट वजन अंदाजे 11 किलो. पट्टी मुद्दाम भिंतीला चिकटून राहणारी, न हलणारी घेणार आहे. पुढे ओढता येणारा हात असलेली पट्टी मिळते, पण तो हात बाहेर काढला की स्क्रीनचे वजन भिंतीपासून लांब जाते आणि वरच्या स्क्रूंवरचा ताण वाढतो. आपल्याला स्क्रीन फिरवायचाच नाही, तर भिंतीला तो त्रास कशाला?

आपली खरी काळजी भिंतीची असणार, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. एकूण चार भोके पडतील, प्रत्येक 8 मिलिमीटरचे आणि सुमारे दोन इंच खोल. नुसत्या प्लास्टरवर भार टिकत नाही, स्क्रूची पकड विटेत बसावी लागते, म्हणून एवढी खोली. ती भिंत नऊ इंची विटांची आहे असा माझा समज आहे, पण खात्री आपणच देऊ शकाल. मिस्त्री आधी एकच भोक पाडून पाहील. भुसा लाल निघाला तर वीट आहे, पांढरा-करडा निघाला तर ब्लॉक असू शकतो. तसे असेल तर काम तिथेच थांबवून आपल्याला विचारीन, कारण ब्लॉकसाठी गिट्टी वेगळी लागते.

दुसरा प्रश्न भिंतीच्या आतल्या वायरींचा आणि नळांचा. काउंटरजवळच्या स्विचबोर्डाच्या सरळ वरची पट्टी मी सोडून दिली आहे, कारण वायर बहुधा तिथूनच वर जाते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची पाइपलाइन या भिंतीतून खाली येते का, हे मात्र मला बाहेरून कळत नाही. आपल्याकडे बांधकामाचा जुना नकाशा असेल किंवा प्लंबरने केलेले काम आठवत असेल, तर भोके पाडण्याआधी कृपया सांगावे. आपण सांगाल तशी जागा एक-दोन फूट सरकवायला माझी काहीच हरकत नाही.

विजेसाठी भिंतीत झिरी मारणार नाही. सध्याच्या बोर्डापासून भिंतीच्याच रंगाच्या केसिंग पट्टीतून वायर वर नेऊ. काम परवानाधारक वायरमनकडून करून घेईन. जोडणी कॅफेच्या मीटरवर असेल, त्यामुळे आपल्या बिलाशी तिचा संबंध येणार नाही. स्क्रीनला आवाज नसेल आणि कॅफे बंद करताना तो मुख्य बटणापासून बंद होईल.

भिंतीच्या पलीकडे आपला जिना आहे. ड्रिलचा आवाज तिकडे जाणारच. काम तासाभराचे आहे. काकूंची दुपारची झोप मोडू नये म्हणून सकाळी अकराच्या सुमारास उरकू. आठवड्याच्या सुट्टीचा, म्हणजे सोमवारचा दिवस मला सोयीचा आहे.

जागा सोडताना स्क्रीन, पट्टी आणि वायर मी काढून नेईन, भोके बुजवून पुट्टी लावीन आणि ती पूर्ण भिंत एका रंगात रंगवून देईन. फक्त ठिगळ रंगवले तर ते उठून दिसते. हे माझ्याकडून झाले नाही, तर तो खर्च आपण अनामत रकमेतून वळता करून घ्यावा. स्क्रीनमुळे भिंतीचे काही नुकसान झाल्यास दुरुस्तीची जबाबदारीही माझीच.

जमिनीवरच्या स्टँडचाही विचार करून पाहिला. पण काउंटरमागे दोन माणसे जेमतेम वावरतात, त्यात गरम भांडी हातात असतात. तिथे स्टँडचे पाय आणि लोंबती वायर मला धोक्याची वाटते.

स्क्रीनची जागा मी भिंतीवर कागदी चिकटपट्टीने आखून ठेवली आहे. सवडीने खाली येऊन एकदा पाहावी. पत्राच्या दोन प्रती जोडल्या आहेत. आपली संमती असल्यास, आणि काही अटी घालायच्या असल्यास त्या लिहून, एका प्रतीवर सही करून द्यावी. ती मी करारासोबत जोडून ठेवीन. आपले उत्तर येईपर्यंत भिंतीला हात लावणार नाही.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
तळमजल्यावरील कॅफेची चालक व भाडेकरू