नंदे, शनिवारच्या आधी थोडं बोलायचंय

नंदे,

एवढा लांब मेसेज बघून दचकू नकोस. आई बरी आहे, घरी सगळं ठीक आहे आणि मी रागावलेलीही नाही. खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी पहिल्या मिनिटाला खिदळायला लागतो आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. म्हणून लिहून टाकते. निवांत वाच, फोडणी गॅसवर ठेवून वाचू नकोस.

शनिवारचं चारचं नाटक. तू म्हणालीस अडीचलाच दादरला भेटू, पोटभर गप्पा मारू आणि मग शिवाजी मंदिरात जाऊ. मला नाटकापेक्षा ते आधीचे दीड तास जास्त हवेत. नाटक काय, एकटीनेही बघता येतं.

मागच्या वेळी आपलं असंच ठरलं होतं. मी छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये तुझी वाट बघत पुस्तकं चाळत होते. तुला फोन केला तर म्हणालीस, "अगं रिक्षातच आहे, पोचतेच आहे स्टेशनला." आणि मागे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. नंदे, गोरेगावच्या रिक्षावाल्यांनी कुकर लावायला कधीपासून सुरुवात केली? तेव्हा मला हसूच आलं, देवाशपथ. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता मला काही कळायचाच मार्ग उरला नाही. तू खरंच निघाली असशील तर मी हलायला नको. निघाली नसशील तर मी आरामात आस्वादमध्ये जाऊन बसून मिसळ खाऊन आले असते, आदल्या रात्री नीट जेवले नव्हते गं. पण "पोचतेच आहे" म्हटल्यावर माणूस कुठे जाणार? दुकानातल्या त्या भल्या माणसाने "काही शोधताय का मॅडम" असं इतक्यांदा विचारलं की शेवटी लाजेखातर एक पुस्तक घेतलं. ते घरी आधीपासून आहे.

मग तू धावत आलीस, हातात सोनचाफा, "सॉरी सॉरी सॉरी". तिसरी घंटा होऊन गेली होती. आपण अंधारात त्या बॅटरीवाल्याच्या मागे लोकांचे गुडघे तुडवत गेलो आणि पहिला प्रवेश कशाबद्दल होता ते मला अजून नीट कळलेलं नाही. चाफा मात्र दोन दिवस दरवळत होता, हे कबूल. (तुझ्या उशिरांचा हिशोब मांडला तर माझ्या घरात चाफ्याची बाग झाली असती.)

आता तुला एक गोष्ट सांगते. ही मी तुला कधी नीट सांगितलेलीच नाही, त्यामुळे तुला कळणार तरी कशी?

आईकडे ब्युरोच्या मावशी असतात ना, त्यांची ड्युटी आठ ते आठ. रात्री आठला त्या बदलापूरची गाडी पकडायला निघतात, आणि त्यांच्या घरी त्यांची सून नुकतीच बाळंत झालीय. एरवी त्या निघायच्या आत संजय घरी येतो, पण शनिवारी त्याची सेकंड शिफ्ट असते. म्हणजे आठच्या ठोक्याला मी डोंबिवलीच्या घरात पाहिजे. आई एकटी उठायला गेली तर काय होतं ते आपण दिवाळीत बघितलंय. एखाद्या दिवशी मावशी थांबतातही, नाही म्हणत नाहीत बिचाऱ्या, पण दाराशी पर्स खांद्याला लावून उभ्या असतात आणि मला बघितलं की काही न बोलता चपला घालतात. ते मला सहन होत नाही.

त्यामुळे माझा शनिवार असा असतो बघ. नाटक सुटतं साडेसहाच्या आसपास. दादरहून फास्ट गाडी मिळाली तरी डोंबिवलीपर्यंत पाऊण-एक तास, पुढे रिक्षाची लाइन. म्हणजे नाटक सुटल्यावर मला चहालाही थांबता येत नाही, सुटतं तशी मी पळते. तू म्हणतेस ना, "तू नेहमी घाईत असतेस"? ती घाई ही. आपल्याला बोलायला जो काही वेळ मिळतो तो नाटकाच्या आधी. तो गेला की गेला. मग आपण अंधारात शेजारी शेजारी बसतो, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत दोन वाक्यं बोलतो आणि मी घरी. महिनाभर जे तुलाच सांगायचं म्हणून साठवून ठेवलेलं असतं ते तसंच परत घेऊन येते. खरं सांगू, याचंच वाईट वाटतं. उभं राहिल्याने पाय दुखतात त्याचं काही नाही.

आणि हेही सांगून ठेवते, तू बेफिकीर आहेस असं मला कधीच वाटलेलं नाही. बाबांच्या वेळी रात्री दोनला हॉस्पिटलच्या दारात माझ्याआधी तू उभी होतीस, वॉचमनशी हुज्जत घालत. ते मी विसरेन का? तुझं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. निघता निघता तुला अजून एक काम दिसतं. कुंड्यांना पाणी, मुलाचा डबा, खालच्या काकूंची औषधं. आणि प्रवासाचा हिशोब करताना तू फक्त गाडीतला वेळ धरतेस. गोरेगाव ते दादर अर्धा तास, बरोबर आहे. पण घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा, डोळ्यांदेखत सुटलेली गाडी, पुढची येईपर्यंतचा वेळ आणि दादरच्या पुलावरची ती गर्दी, हे सगळं हिशोबात कुठेच नसतं. हे धरलं तर अडीचसाठी तुला सव्वाला घर सोडावं लागेल. सव्वाला निघणं जमणार नसेल तर अडीच म्हणूच नकोस, एवढंच.

गाडीने दगा दिला तर तो तुझा उशीर नाही, ते मी मोजतच नाही. तसंच 'मी आठ नंबरवर आहे, म्हणजे जुना एक' असल्या घोळांचंही. 2023 च्या डिसेंबरात सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले आणि आपली अर्धी पिढी अजून दादरला हरवते आहे.

तर मला तुझ्याकडून हवंय ते इतकंच.

वेळ खरी सांग. तीन जमणार असेल तर तीन म्हण, सव्वातीन म्हण. मला वाईट वाटेल म्हणून लवकरची वेळ देऊ नकोस. सव्वातीन म्हणालीस तर मी आधीची गाडी न पकडता घरी अर्धा तास जास्त थांबेन, आईचे केस धुऊन देईन, खुशाल येईन. आणि "निघाले" हा मेसेज कुलूप लावून लिफ्टमध्ये शिरल्यावरच टाक. अजून कपडे बदलायचे असतील तर तसं लिही: "अजून गाउनमध्ये आहे." मी रागावणार नाही, उलट माझा जीव भांड्यात पडेल, कारण मग मला माझ्या वेळेचं काय करायचं ते ठरवता येईल. लाइव्ह लोकेशन वगैरे नको हं, मी काय तुझी पार्सल ट्रॅक करत बसणार आहे?

दुसरं म्हणजे, तुझं तिकीट मी शुक्रवारीच तुला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवते. पावणेचारपर्यंत मी आयडियलमध्ये किंवा शिवाजी मंदिराच्या दारात असेन. त्यानंतर मी आत जाऊन बसेन. यात रुसवा नाही, शिक्षा नाही. तू नंतर आलीस तर तिकीट दाखवून आत ये, मी पाय आखडून घेईन आणि काय झालं ते कानात सांगेन. फक्त दारात उभं राहून मी रस्त्याकडे डोळे लावून बसणार नाही. पहिला प्रवेश मला बघायचाय या खेपेला.

आणि एक. हे लिहू की नको असा विचार करत होते, पण तुझ्यापासून लपवून मला चैन पडायचं नाही. ग्रुपवर कुठेही जायचं ठरलं की बाकीच्या तुला अर्धा तास आधीची वेळ सांगतात. सुषीच्या मुलीच्या साखरपुड्यालाही तेच केलं होतं. म्हणून तू त्या दिवशी 'वेळेवर' पोचलीस आणि सगळ्या तुझ्याकडे बघून हसत होत्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, लाडातच चालतं ते. मलाही म्हणाल्या, तूही असंच करत जा, सोपं पडतं. मला नाही करायचं ते. रुइयापासून आपण एकमेकींना कशातच फसवलेलं नाही, मग घड्याळाच्या बाबतीत का फसवायचं? मी तुला अडीच सांगेन तेव्हा ते अडीचच असेल. तुझ्याकडूनही मला तेच हवंय. आकडा कुठलाही असू दे.

मी हे सुषीला किंवा आणखी कुणाला बोललेले नाही, बोलणारही नाही. तूही तिला जाब विचारायला जाऊ नकोस प्लीज, नाहीतर माझी पंचाईत होईल.

तुला माझ्याबद्दल असंच काही खुपत असेल तर तेही सांग. मी दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघत असते ते तुला आवडत नाही, हे तुझ्या चेहऱ्यावरून कळतं मला. मावशींमुळे आहे ते, पण दिसायला वाईट दिसतं, मान्य. शनिवारी मोबाइल पर्समध्ये ठेवते आणि सहा वाजून पंचवीस मिनिटांचा गजर लावते, म्हणजे सारखं बघायला नको. व्हायब्रेटवर, नाहीतर नाटकवाले हाकलून देतील.

लगेच उत्तर द्यायची घाई नाही. वाचून थोडं खट्टू वाटलं तर दोन दिवस गप्प राहा, चालेल मला. आणि "सॉरी" लिहून पाठवू नकोस, तो शब्द आपण पुरेसा वापरलाय. मला फक्त शनिवारची खरी वेळ पाठव.

तिकिटं आज रात्री काढतेय. खाली मागच्या रांगा शिल्लक आहेत आणि बाल्कनीत पुढच्या. तुझ्या गुडघ्याला जिना झेपेल का? नसेल तर खालचीच घेते.

वैशू