इंग्रजी शिव्यांची चढती पट्टी

ही पट्टी आपल्या सदाशिव पेठेतल्या संध्याकाळच्या बॅचसाठी आहे. तुमच्यातले निम्मे खराडी-मगरपट्ट्यात व्हॉइस प्रोसेसला लागणार, काही जण सप्टेंबरमध्ये इंग्लंडला शिकायला जाणार. तिथे हे शब्द कानावर पडणारच. कोणता शब्द हसून सोडायचा, कोणत्या शब्दावर बोलणं थांबवायचं आणि कोणत्याची तक्रार करायची, हे ऐकताक्षणी कळावं एवढ्यासाठी ही पट्टी केली आहे. यातले शब्द पाठ करून वापरू नका. परक्या भाषेतली शिवी आपल्या तोंडून नेहमी ठरवल्यापेक्षा एक पायरी वर जाते.

पायरी १. सिली, डाफ्ट, मपेट, नम्प्टी
यात राग नाही. 'डोन्ट बी सिली' म्हणजे 'काहीतरीच काय!' बिल द्यायला तुम्ही पुढे झालात तरी ब्रिटिश माणूस हेच म्हणेल. 'डाफ्ट' इंग्लंडच्या उत्तरेत आणि 'नम्प्टी' स्कॉटलंडमध्ये जास्त ऐकू येतो. दोन्हींत 'येडपट' म्हणण्याइतकाच भार आहे.

पायरी २. फूल, इडियट, स्टुपिड, मोरॉन, जर्क, लूझर, शट अप
पुण्यातली मुलं सर्वांत जास्त इथे घसरतात. आपण कट्ट्यावर 'ए स्टुपिड' आणि 'शट अप यार' दिवसभर म्हणतो, कोणाला काही वाटत नाही. ऑफिसात तेच सहकाऱ्याला म्हणालात तर तो उघड अपमान ठरतो. त्यातही कल्पनेला स्टुपिड म्हणणं आणि माणसाला स्टुपिड म्हणणं यात मोठं अंतर आहे. खरं तर मीटिंगमध्ये दोन्ही टाळा, 'आय सी इट डिफरन्टली' म्हणा. आणखी एक: आपण माणसाला 'नॉनसेन्स आहे तो' म्हणतो. इंग्रजीत नॉनसेन्स बोलण्याला म्हणतात, माणसाला नाही.

पायरी ३. डॅम, क्रॅप, ब्लडी, गिट, सॉड ऑफ
ब्रिटनमधल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २०१६ साली लोकांना विचारून शब्दांची वर्गवारी केली. त्यात हे शब्द 'सौम्य' गटात आले. तरी सौम्य म्हणजे कुठेही चालणारे नव्हेत. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन जाहिरातीत 'ब्लडी हेल' होतं, तेवढ्यावरून ब्रिटनमध्ये ती टीव्हीवर काही काळ अडवली गेली.
आपल्या कानाला 'ब्लडी' जड लागतो, कारण इकडे तो 'ब्लडी फूल' असा साहेबी दमदाटीतूनच आला. तिकडे बस चुकली तरी 'ब्लडी बस' म्हणतात.

पायरी ४. शिट, बुलशिट, बोलॉक्स, पिस ऑफ, बिच, अ‍ॅसहोल
इथून पुढे ग्राहकासमोर, शिक्षकासमोर, मुलाखतीत एकही शब्द नको. हातून काही पडल्यावर निघालेलं 'शिट' माफ होतं, पण समोरच्याला 'बुलशिट' म्हणणं म्हणजे तू खोटं बोलतोयस असं तोंडावर सांगणं.
'सन ऑफ अ बिच' ऐकलं की आपल्याकडे रक्त उसळतं, कारण आपण तो थेट आईवर घेतो. इंग्रजीत अडकलेल्या प्रिंटरलाही तो म्हटला जातो. बोलणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा तुमची आई नसते. शब्द वाईट आहेच, पण त्यावर हात उगारू नका. याउलट बाईला उद्देशून 'बिच' म्हटलं तर ते चौथ्या पायरीवर राहत नाही, वर सरकतं.

पायरी ५. बास्टर्ड, प्रिक, डिकहेड, वँकर, ट्वॅट
ब्रिटनमध्ये ही खरी भांडणाची भाषा. 'वँकर' अमेरिकी माणसाला गमतीचा वाटतो, ब्रिटिश माणसाला लागतो. 'बास्टर्ड' देशागणिक बदलतो. ऑस्ट्रेलियात दोस्त दोस्ताला म्हणतो, 'पुअर बास्टर्ड' म्हणजे 'बिचारा'. तरीही तो तुम्ही म्हणू नका. दोस्तीतली शिवी दोस्तांनी आधी द्यायची असते, नव्या माणसाने नाही.

पायरी ६. फक, मदरफकर, कंट
ऑफकॉमच्या २०१६च्या वर्गवारीत सर्वांत तीव्र. ब्रिटनच्या टीव्ही वाहिन्यांवर असे शब्द रात्री ९च्या आधी चालत नाहीत.
'फक' ऐकताना तो कुठे रोखलाय ते पाहा. 'धिस फकिंग फोन' म्हणणारा ग्राहक फोनवर चिडलाय, तुमच्यावर नाही. तक्रार शांतपणे नोंदवा. 'यू फकिंग इडियट' तुमच्यावर आहे. तेव्हा आवाज न चढवता म्हणा: 'आय वॉन्ट टु हेल्प यू, बट प्लीज डोन्ट स्पीक टु मी लाइक दॅट.' पुन्हा झालं तर टीम लीडरला कॉल द्या. 'फक ऑफ' आणि 'फक यू' यांत संशयाला जागा नाही.
'कंट' अमेरिकेत बाईला दिलेली अत्यंत घाणेरडी शिवी मानतात. स्कॉटलंड-ऑस्ट्रेलियात तो पुरुषांच्या गप्पांत सहज ऐकू येईल. त्या सहजपणावर जाऊ नका.

पायरी ७. जन्मावर घाव घालणारे शब्द
ही पायरी सहावीच्या किंचित वर नाही, तिचा दर्जाच वेगळा आहे. यात शरीराचा, संभोगाचा उल्लेख नाही म्हणून आपल्याला हे शब्द साधे वाटतात, आणि तिथेच घात होतो. आपल्याकडे जातीवरून केलेला अपमान कोणत्याही शिवीपेक्षा खोल जातो. १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने त्याला गुन्हा ठरवलंय. त्याच भाराने हे शब्द तोला.

कृष्णवर्णीयांसाठीचा एन-वर्ड गाण्यात असला, मित्र एकमेकांना म्हणत असले, तरी तुमच्या तोंडी कधीही नको, गाणं गुणगुणतानाही नको. जुन्या मराठी पुस्तकांत 'निग्रो' सर्रास आहे. इंग्रजीत तो आज अपमानकारक मानतात. अमेरिकेच्या जनगणना खात्यानेही २०१३ साली तो आपल्या प्रश्नावल्यांतून काढायचं ठरवलं. 'ब्लॅक' म्हणा.

'रिटार्ड' आणि 'स्पॅझ' अपंगांवरून आलेत. 'स्पॅझ' अमेरिकेत हलका समजत, ब्रिटनमध्ये फार लागतो. 'फॅग' ब्रिटनमध्ये सिगारेट, अमेरिकेत समलिंगी पुरुषाला शिवी. 'कुली' आपल्या स्टेशनवरचा रोजचा शब्द, दक्षिण आफ्रिकेत मात्र तिथल्या भारतीयांच्या आजा-पणज्यांना हिणवायला वापरलेला.

आणि 'पाकी'. इंग्लंडला जाणाऱ्यांनो, हा नीट वाचा. तो केवळ पाकिस्तान्यांसाठीचा शब्द नाही. कातडीचा रंग पाहून कोणत्याही दक्षिण आशियाई माणसावर तो फेकला जातो, म्हणजे तुमच्यावरही. १९७०च्या दशकात आशियाई माणसांना गाठून मारहाण करण्याला तिथे या शब्दावरूनच नाव पडलं होतं. कोणी म्हटलाच तर 'मी पाकिस्तानी नाही, भारतीय आहे' हे उत्तर देऊ नका. त्याने शिवी पुसली जात नाही, फक्त शेजारच्या माणसाकडे सरकते. तो तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर असेल.

रस्त्यावर असाल तर उत्तर न देता माणसांत जा. वेळ, जागा आणि नेमके शब्द लिहून ठेवा. विद्यापीठात घडलं तर तिथल्या विद्यार्थी-मदत विभागाला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये वंशद्वेषातून केलेल्या छळाला १९९८च्या कायद्याने जास्त कडक शिक्षा आहे. तातडी नसेल तर पोलिसांना १०१ वर फोन करा, जिवाला धोका वाटला तर ९९९ वर. सांगताना तो शब्द जसाच्या तसा सांगा, लाजू नका.