प्रकरण दुसरे : संबंधित साहित्याचा आढावा

या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात प्रत्येक संशोधनाला एक परिच्छेद दिला होता. त्या मांडणीत कोणाचे कोणाशी पटत नाही, हेच दिसेना. म्हणून येथे कालक्रम सोडून प्रश्नांनुसार मांडणी केली आहे. एकच संशोधन दोन ठिकाणी आले, तर ते मुद्दाम आले आहे.

२.१ आठवणे हेही शिकणेच

चाचणी म्हणजे केवळ मोजमाप, या समजुतीला गेट्स (१९१७) यांनी फार पूर्वीच धक्का दिला. पाठाकडे न पाहता म्हणून बघण्यात वेळ घालवणारी मुले नुसते वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. स्पिट्झर (१९३९) यांनी हाच प्रश्न सहावीच्या ३६०५ विद्यार्थ्यांवर तपासला. वाचनानंतर लगेच घेतलेल्या चाचणीने विस्मरण रोखले. रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांनी त्यात महत्त्वाची भर घातली ती कालावधीची. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते, दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र चित्र उलटले. त्यामुळे शिकवल्या तासालाच अंतिम चाचणी घेणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष जपूनच वापरावे लागतात.

२.२ विद्यार्थ्याचा अंदाज का चुकतो

कार्पिकी आणि रोडिगर (२००८) यांच्या प्रयोगात स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या होत्या. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांची चाचणी चालू राहिली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांची थांबली, त्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. आधी विचारले असता मात्र सर्वच गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. कार्पिकी आणि ब्लंट (२०११) यांच्या विज्ञानविषयक उताऱ्यांबाबतही तसेच घडले : पुनःस्मरण करणाऱ्यांनी संकल्पनाचित्रे काढणाऱ्यांना मागे टाकले, पण स्वतःकडून त्यांची अपेक्षा कमीच होती. उजळणी सोपी जाते म्हणून ती पक्की वाटते, असा अर्थ प्रस्तुत संशोधक लावतो.

२.३ आशय गुंतागुंतीचा असेल तर

खरा वाद येथे आहे. व्हान गॉग आणि स्वेलर (२०१५) यांच्या मते आशयाचे घटक एकमेकांत जितके गुंतलेले, तितका चाचणीचा परिणाम क्षीण होतो, प्रसंगी नाहीसाही होतो. कार्पिकी आणि ऑ (२०१५) यांनी त्याच वर्षी हे खोडून काढले. गुंतागुंतीच्या उताऱ्यांवरही परिणाम दिसल्याचे पुरावे नजरेआड झाले, हा त्यांचा आक्षेप. गेट्स यांच्याकडे पुन्हा वळले, तर निरर्थक अक्षरसमूहांना झालेला लाभ चरित्रपर उताऱ्यांपेक्षा अधिक होता. म्हणजे वादाचे बीज १९१७ मध्येच सापडते. मात्र ‘गुंतागुंत’ कशी मोजायची यावर दोन्ही बाजूंचे एकमत नाही, आणि त्यामुळे बराचसा वाद व्याख्येपाशीच अडतो.

प्रस्तुत संशोधनात म्हणून एकाच विज्ञान घटकाचे दोन उतारे घेतले आहेत : एकात सुटी तथ्ये, दुसऱ्यात तीच तथ्ये कार्यकारणाने जोडलेली. अंतिम चाचणी सात दिवसांनी घेतली असून चाचणीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचा अंदाजही नोंदवला आहे.