देवळातल्या बैठकीसाठी दोन वाक्यं

सई,

तुझा परिच्छेद वाचला. गणपतीत चाकरमानी आलेले असताना देवळातल्या बैठकीत तो वाचायचा, हे लक्षात ठेवूनच बसले. आधी तुझा मजकूर, जसाच्या तसा:

"2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 साली 16,15,069 म्हणजे 4.82 टक्क्यांनी कमी झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 म्हणजे 2.21 टक्क्यांनी कमी झाली; महाराष्ट्राची मात्र 9,68,78,627 वरून 11,23,74,333 झाली. 2011 साली रत्नागिरीत 7,61,121 पुरुष व 8,53,948 स्त्रिया, म्हणजे हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, सिंधुदुर्गात 4,17,332 पुरुष व 4,32,319 स्त्रिया, म्हणजे 1,036, राज्यात 929."

आणि हे मी केलेलं:

"2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 55 लाखांनी वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून ती एक लाखाहून थोडी जास्त घटली. 2011 साली राज्यात हजार पुरुषांमागे 929 बायका होत्या. रत्नागिरीत 1,122 आणि सिंधुदुर्गात 1,036."

कडेला तू "दोन्ही मिळून 7 टक्के घट" असं लिहिलं होतंस, ते खोडलंय. टक्क्यांची अशी बेरीज होत नाही, कारण प्रत्येक टक्केवारी आपापल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येवर काढलेली असते; साधी सरासरीही चालत नाही, कारण रत्नागिरी सिंधुदुर्गाच्या जवळजवळ दुप्पट. माणसांचीच बेरीज करायची: 81,708 आणि 19,174, मिळून 1,00,882. दोन्ही जिल्ह्यांच्या 2001 च्या 25,65,602 माणसांत ती 3.93 टक्के भरते. तसंच 1,122 आणि 1,036 यांची सरासरी 1,079 काढू नकोस. सगळ्या बायका आणि सगळे पुरुष मोजले तर हजारामागे 1,091 च्या वर येतात. म्हणून दोन्ही आकडे वेगळेच ठेवले.

"एक लाख माणसं मुंबईला गेली" हे वाक्य मला फार आवडलं होतं, तरी काढलं. घट म्हणजे जन्म, मृत्यू, जाणारे आणि येणारे या सगळ्यांचा हिशेब. नुसते गेलेले किती, हे या आकड्यांतून निघत नाही. गेलेल्यांत बाप्यांची संख्या मोठी, हे आपल्याला घराघरांतून ठाऊक आहे, आणि बायका जास्त दिसतात ते बरंचसं त्यामुळे. समोर बसलेल्यांना ते सांगावं लागणार नाही. तू आकडा नीट वाच, बाकी त्यांच्या तोंडूनच येईल.

साल मात्र गाळू नकोस. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. साल नसेल तर कोणीही हे आजचंच चित्र समजेल.

1,122 हा आकडा "अकराशे बावीस" असा वाच, आणि 929 नंतर थोडं थांब.

मावशी