आजीच्या प्रार्थनासभेत

जय ख्रिस्त. पाळकसाहेब, मंडळीतले वडीलधारे, भगिनी मंडळाच्या आज्या-मावश्या आणि वस्तीवरून, गावातून आलेले तुम्ही सगळे.

मी सगुणाआजीचा थोरला नातू. पप्पा म्हणाले, तूच बोल, माझ्याच्यानं व्हायचं नाही. आजी असती तर म्हणाली असती, "बोल, पण आवर लवकर, लोकांना नगरची गाडी गाठायचीय."

आजी प्रार्थनेची बाई होती, असं सकाळपासून जो तो सांगतोय. खरंच आहे. पण तिच्यासमोर कुणी सहज म्हणालं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू हां," की ती विचारायची, "कधी?" समोरचा गडबडायचा. मग ती डोक्यावर पदर घ्यायची आणि तिथंच डोळे मिटायची. दवाखान्याची रांग असो, नाहीतर लग्नाचा मांडव. एकदा एसटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी तिचं वाजलं. तो वैतागून म्हणाला, "घरी पोरगी तापानं फणफणलीय, आणि इथं तुमची कटकट." आजीनं आधी आपला रुपया वसूल केला, मग पोरीचं नाव विचारलं, आणि चालत्या गाडीत मोठ्यानं प्रार्थना केली. मी शाळकरी पोर, लाजून खिडकीबाहेर बघत होतो. कंडक्टरनं मात्र टोपी काढली होती.

देवाशीही ती अशीच बोलायची. "प्रभू, मागच्या रविवारी सांगितलं होतं, अजून काही झालं नाही." जणू तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी दुसरी खेप घातलीय!

1972च्या दुष्काळात आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पप्पा तेव्हा पाठुंगळीला. दुपारी सुकडी मिळायची. उन्हात भुकेनं जीव कासावीस झालेला असायचा, तरी आजी हात जोडल्याशिवाय घास घ्यायची नाही. सुरुवातीला टोळीतल्या बाया हसायच्या. पुढं पुढं सगळ्याच थांबायला लागल्या. सगुणानं डोळे उघडले की मगच सुकडीला हात. त्या टोळीत महार, मराठा, वंजारी, मुसलमान, सगळ्या होत्या. त्यातल्या जैतुनबी आज इथं पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांनीच मला हे काल रात्री सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "पण तुझी आजी प्रार्थना लांबवायची फार."

आजीकडे पवित्र शास्त्राच्या दोन प्रती होत्या. एक नेहमीची, चर्चला न्यायची. दुसरी तिच्या आईची, पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेली, पिवळी पडलेली, कापडात बांधलेली. ती घरातच राहायची. आजी चौथी शिकलेली, पण रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायांनीच त्याचे खिळे जुळवले, हे ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची. पाहुणा दुसऱ्यांदा आला असला तरी. पाळकसाहेब, तुम्हालाही दोन-तीनदा ऐकावं लागलंय, मी साक्षीला आहे.

गायची मात्र रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, टाळ घेऊन. इंग्रजी चालीची गीतं तिला कधी पेलली नाहीत. ती चर्चमध्ये एक ओळ मागं आणि अर्धा सूर वर असायची, आणि त्याची तिला काडीची फिकीर नव्हती. आणि हंगामाच्या उपासनेनंतरचा लिलाव! परसातला भोपळा स्वतः वाहायचा, आणि बोली थंडावली की स्वतःच दुपटीनं विकत घ्यायचा. आजोबा कपाळाला हात लावायचे. तोच भोपळा दुसऱ्या दिवशी वस्तीवर ज्याच्या घरी आजारपण असेल त्याच्याकडे जायचा.

मी पुण्यात राहतो. रविवारी चर्चला जाणं माझ्याच्यानं होत नाही, होत नाही म्हणजे जात नाही. आजीला ते ठाऊक होतं. मागच्या नाताळात करंज्या तळताना मी म्हणालो, "आजी, माझं मन आता त्यात लागत नाही." तिनं झारा थांबवला नाही. म्हणाली, "तू ये नाहीतर नको येऊ. मी तुझं नाव घेते, त्याला तुझी परवानगी लागत नाही."

दुखण्यात शेवटचा आठवडा तिला बोलवत नव्हतं. तरी संध्याकाळी ओठ हलायचे. मी कान लावला की नावं ऐकू यायची, आमची, तुमची. बांधावरून जिच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं, तिचंही.

त्यातली दोन कामं राहिलीयत. आमच्या सुमनमावशीच्या मुलीची नर्सिंगची परीक्षा सोमवारपासून आहे, आणि वस्तीवरच्या रावसाहेबमामांच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी. पाळकसाहेब, शेवटची प्रार्थना कराल तेव्हा ही दोन्ही नावं घ्या. मीही उभा राहतो.